दीडची वायर सोलताना तीन-चार तारा हमखास तुटतात: खाच चुकते की हात?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, एका कंट्रोल बॉक्सचं वायरिंग हातात आहे. वायर १.५ चौरस मिमीची, लवचिक, पीव्हीसी आवरणाची, आत ०.२५ मिमीच्या ३० तारा. टोकांना ८ मिमी पिनेची फेरूल दाबायची आणि ती स्क्रू टर्मिनलमध्ये कसायची, एवढंच काम. स्ट्रिपर साधा, खाचांचा आहे. जबड्याच्या एका बाजूला १० ते १८ आकडे कोरलेत, दुसऱ्या बाजूला १२ ते २०. तक्त्यात पाहिलं तर दीडची वायर साधारण १६ गेजच्या जवळ येते, म्हणून १६ ची खाच वापरतोय.

दहा टोकं सोलली, त्यातल्या सातांना तीन-चार तारा तुटून आवरणाच्या तुकड्याबरोबर बाहेर आल्या. हळू दाबून पाहिलं तर आवरण नीट कापत नाही, ओढताना ताणलं जातं. जोरात दाबलं की तारा जातात.

प्रश्न दोन. हात चुकतोय की हत्यार? आणि याच बॉक्समध्ये ०.५ आणि ४ चौरस मिमीच्याही वायरी आहेत, तर सगळ्यांना मिळून एक ऑटोमॅटिक स्ट्रिपर घ्यावा की मापागणिक वेगळी सोय करावी?

पक्कडबहाद्दर

तीन-चार धागे तुटले म्हणून नवा धागा काढलात, हिशोब बरोबर आहे :)

दात वापरा. स्वतः जुळवून घेणारा स्ट्रिपर आहे तो, शिवाय हरवत नाही.

कातरवेळ

दातांनी धरलं की आवरण कापलं जात नाही, ताणून तुटतं. मग तारांवर पीव्हीसीची पातळ शेपटी राहते आणि ती फेरूलमध्ये अडकते. दातांचं काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

खटपट्या, तुटलेल्या तारा गुच्छाच्या एकाच बाजूला आहेत की समोरासमोर दोन बाजूंना? सोललेलं टोक समोरून बघा आणि सांगा. त्यावरून निम्मं निदान होतं.

धडाधड

चार तारा गेल्या म्हणजे ३० पैकी १३ टक्के तांबं गेलं. वायरची क्षमता १३ टक्क्यांनी घटली. पूर्ण करंटवर चालवली तर त्या जागी तापून आवरण वितळणार. ती सातही टोकं कापून टाका, चर्चा नको.

भंगारपुराण

तुम्ही फार नाजूक काम करताय. जाड केबल लांबीच्या दिशेने उभी चिरणारी हाताने फिरवायची मशीन येते, त्यात दहा मीटर केबल दोन मिनिटांत सोलून होते. तारांवर ओरखडा आला तरी फरक पडत नाही, वजन तेवढंच भरतं.

खटपट्या

भंगारपुराण, मला वायर विकायची नाही हो, जोडायची आहे.

कातरवेळ, भिंग घेऊन पाहिलं. समोरासमोर आहेत. एका बाजूला दोन, बरोबर समोर दोन किंवा एक. सातपैकी पाच टोकांना असंच आहे.

सूतभर

मग हात बऱ्यापैकी ठीक आहे. खाच लहान पडतेय.

तुमच्या स्ट्रिपरवर आकड्यांच्या दोन रांगा का आहेत ते आधी बघू. १० ते १८ ही रांग एकेरी, भरीव तारेची. १२ ते २० ही रांग अनेक तारांच्या वायरची. खाचा त्याच, नावं दोन. ज्या खाचेला भरीव रांगेत १४ म्हटलंय तिलाच दुसऱ्या रांगेत १६ म्हटलंय. कारण तांबं तेवढंच असलं तरी बारीक तारांच्या गुच्छात मध्ये मोकळी जागा राहते, त्यामुळे गुच्छ जाड होतो.

आता तुमची वायर धरू. ०.२५ मिमीच्या ३० तारा म्हणजे तांबं सुमारे १.४७ चौरस मिमी. हेच तांबं भरीव असतं तर व्यास १.३७ च्या आसपास आला असता. पण गुच्छाचा बाहेरचा व्यास १.५५ ते १.६ मिमी भरतो. १६ गेज भरीव तार असते १.२९ मिमीची आणि त्या रांगेतली १६ ची खाच तिच्यापेक्षा केसभरच मोठी असते. म्हणजे तुमचा गुच्छ खाचेपेक्षा पाव मिमीने जाड. पाव मिमी म्हणजे बरोबर एका तारेची जाडी. १४ गेज भरीव तार १.६३ मिमीची असते. तुमची जागा त्या खाचेत, जिच्यावर दुसऱ्या बाजूने १६ लिहिलंय.

तुम्ही बहुतेक १० ते १८ च्या रांगेतलं १६ वाचलंत. बघून सांगा.

खटपट्या

हो! माझ्याकडे तोंड करून तीच रांग येते, म्हणून तीच वाचत होतो. दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी कोरलंय, पण ते इतकं पुसट आहे की आत्ता दिवा धरून वाचलं.

पण एक कळलं नाही. खाच लहान असेल तर चौफेर तारा कापल्या जायला हव्यात. दोनच बाजूंना का?

सूतभर

गुच्छ मऊ असतो. दाबला की तारा सरकून मधल्या पोकळीत घुसतात, म्हणून बऱ्याचशा वाचतात. खाच म्हणजे दोन अर्धी वर्तुळं. ती जिथे एकमेकांना भेटतात तिथे, डावीकडे आणि उजवीकडे, बाहेर ढकलल्या गेलेल्या तारा जबड्यांच्या पात्यांमध्ये सापडतात आणि कात्रीत सापडल्यासारख्या तुटतात. वर-खाली असलेल्यांवर नुसता वळ उठतो. म्हणून समोरासमोर तुटल्या तर खाच लहान, आणि एकाच बाजूच्या तुटल्या तर वायर तिरकी धरलेली किंवा खाचेच्या मध्यात न बसलेली.

वाचनमात्र

वाचतोय. वर-खालच्या तारांवर वळ उठतो म्हणालात, त्या चालतात का? तुटलेल्या दिसतात, पण वळ कोण बघणार?

कातरवेळ

खरं दुखणं तेच आहे. तुटलेली तार निदान दिसते. वळ उठलेली तार फेरूलमध्ये जाते, वरून सगळं झकास दिसतं, आणि पुढे वायर हलली की तिथेच मोडते. तांब्याची तार वाकवली तर वाक सगळ्या लांबीत वाटला जातो. काप असेल तर सगळा वाक त्या एका जागी गोळा होतो.

बघायचे तीन मार्ग सांगते.

आधी आवरणाचा निघालेला तुकडा बघा, वायर नंतर. तो उजेडाकडे धरून आरपार बघायचा. आतून गुळगुळीत नळी दिसायला हवी, तारांच्या ठशांच्या फिकट रेघा असल्या तरी ठीक. आत तांब्याचा एखादा तुकडा चमकला तर ते टोक बाद. टाकून द्यायच्या आधी प्रत्येक तुकडा बघायची सवय लावली तर वेगळा वेळही जात नाही.

मग टोक भिंगाखाली, साधं दहापट चालतं. साध्या तांब्यावर काप म्हणजे मंद लालसर तारेवर आडवी चकचकीत रेघ, आवरण संपतं तिथून मिलिमीटरभराच्या आत. कलई केलेल्या तारांवर आणखी सोपं, रुपेरी तारेवर तांबडी रेघ उठून दिसते. तांबडं दिसलं म्हणजे कलईच्या पार गेलेलं आहे.

आणि नमुन्याला एखादं टोक बळी द्यायचं. तारा पंख्यासारख्या पसरायच्या आणि आवरणाच्या कडेपाशी एकेक तार एकदा इकडे, एकदा तिकडे काटकोनात वाकवायची. धड तार सहज तग धरते. काप गेलेली त्यातच मोडते. प्रत्येक टोकाला हे करायचं नाही, खाच बदलली किंवा वायरचं नवं बंडल उघडलं की एकदा.

धडाधड

म्हणजे माझंच बरोबर. काप वाईट, क्षमता घटते, वायर तापते.

सूतभर

धडाधड, टोकं कापून पुन्हा सोलावीत यात वाद नाही. कारण मात्र वेगळं आहे. तारा कमी झाल्यात त्या मिलिमीटरभर जागेत. तेवढ्या तुकड्याचा रोध नगण्य, आणि तिथे तयार होणारी थोडी उष्णता दोन्ही बाजूंचं तांबं ओढून नेतं. वायर तिथे १३ टक्क्यांनी "बारीक" होऊन जळत नाही.

तापतो तो सांधा. फेरूल ३० तारांच्या हिशोबाने दाबली जाते, आत २६ असल्या तर दाब सैल पडतो. पुढे कंपनाने काप गेलेल्या तारा एकेक करून मोडतात, संपर्क आणखी कमी होतो आणि तिथला रोध वाढतो. मोडलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलपर्यंत पोचली तर निराळाच तमाशा.

धडाधड

शेवटी तापतेच ना.

सूतभर

तापते. पण तुम्ही शोधाल वायरमध्ये आणि दोष असेल फेरूलमध्ये, एवढाच मुद्दा.

सोल्डरसम्राट

एवढा खटाटोप कशाला? तारा पिळा, टोकाला कथील चढवा, सगळ्या तारा एकजीव. एखादी तुटली असली तरी तिथेच चिकटून बसते.

कातरवेळ

सोल्डरने जोडायचं टोक असेल तर जरूर चढवा. स्क्रूखाली कसायचं असेल तर नको. कथील मऊ, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहतं. आज घट्ट कसलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल मिळतो. शिवाय कथील तारांमधून आवरणाखाली चढतं, तिथे गुच्छ ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच वायर मोडायला लागते. म्हणजे काप लपवायला गेलात आणि मोडायची नवी जागा करून ठेवलीत. फेरूल निघाली ती यासाठीच.

सोल्डरसम्राट

कथील चढवून स्क्रूत कसलेली टोकं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. सगळी सैल होत नाहीत.

कातरवेळ

सगळी होत नाहीत. कोणती होणार ते आधी कळत नाही, हीच तर पंचाईत. असो, विषय सोलण्याचा आहे.

रबरी

माझा प्रश्न इथेच घुसवतो. माझ्याकडे सिलिकॉन आवरणाची १४ गेज वायर आहे, ०.०८ मिमीच्या ४०० तारा. खाच बरोबर निवडली तरी आवरण जबड्यात लोण्यासारखं दबतं, कापत नाही. ऑटोमॅटिक स्ट्रिपर वापरला तर पकडणाऱ्या जबड्यातून वायर निसटते, नाहीतर आवरण रबरासारखं लांब होऊन परत जागेवर येतं. गरम पात्याचा स्ट्रिपर घ्यावा का?

सूतभर

सिलिकॉन वितळत नाही, त्यामुळे गरम पात्याचा इथे फारसा फायदा नाही. त्या हत्याराची खरी जागा पीटीएफई वायरवर. ते आवरण घसरडं आणि चिवट, पकडीत धड राहत नाही. ते गरम करून सोलताना हवा बाहेर खेचणारा पंखा मात्र हवाच, तो धूर छातीत गेला की तापासारखी कणकण येते.

सिलिकॉनचा दुबळेपणा दुसरीकडे आहे. ताणलं तर खूप ताणतं, पण एकदा जरा चीर पडली की तिथून पटकन फाटतं. तेव्हा आरपार कापायचंच नाही. नवं, धारदार पातं घ्या. वायर टेबलावर ठेवा, पातं वर नुसतं टेकवा आणि वायर बोटाने एक फेरा लोळवा. पात्यावर जोर नको, पात्याचं वजन पुरे. आवरणाच्या निम्म्या जाडीपर्यंत रेघ उमटली की तिथे वायर चारी बाजूंना थोडी वाकवा. चीर उघडत जाते. मग नखाने धरून सरळ ओढा.

४०० तारांत चार-पाच गेल्या तर टक्क्यांत काहीच नाही, पण ०.०८ ची तार डोळ्याला दिसतही नाही. काम झालं की टेबल पुसून घ्या.

पक्कडबहाद्दर

आणि लायटर? आवरण जरा तापवायचं आणि बोटांनी ओढायचं. हे सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं असतं, कबूल कोणी करत नाही.

कातरवेळ

पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. नाकाला झोंबतो आणि ओल मिळाली की तांबं खातो. काजळी आणि वितळलेला थर तारांमध्ये शिरतो तो वेगळाच. त्या टोकावर ना फेरूल नीट बसते ना सोल्डर धरतो. सिलिकॉन तर लायटरने पांढरी राख होतं.

खटपट्या

मूळ प्रश्नाकडे वळतो. पुसट रांगेतली १६ ची खाच वापरून पाच टोकं सोलली. तारा तीसच्या तीस, पाचही टोकांना. पण दोन ठिकाणी आवरणाची कड फाटल्यासारखी झाली, मिलिमीटरभर झालर राहिली. खाच आता मोठी पडतेय का?

सूतभर

थोडी झालर चालते, फेरूलच्या प्लास्टिक गळ्यात झाकली जाते. खाचेने आवरण शंभर टक्के कापायचं नसतंच. पाती तांब्यापासून किंचित अलीकडे थांबतात, उरलेला पापुद्रा ओढताना तुटतो. कड अगदी वस्तऱ्याने कापल्यासारखी दिसली तर उलट शंका घ्यायची, पाती तारांना टेकली असतील.

झालर फार वाटली तर दोन गोष्टी बघा. वायर जबड्याला काटकोनात आहे का, आणि जबडा पूर्ण मिटेपर्यंत दाबताय का. योग्य खाच पूर्ण मिटायलाच हवी. "हळूच दाबून" तारा वाचवाव्या लागत असतील तर खाच चुकलीय. मिटल्यावर वायर गोल फिरवू नका, त्याने पात्याची कड तारांवर घासते आणि चौफेर आडवी रेघ पडते. दाबा, मिटवा, अंगठ्याने जबडा पुढे ढकलत सरळ ओढा. हाताने वायर मागे खेचलीत तर ती हमखास तिरकी होते.

८ मिमीच्या फेरूलला १० मिमी सोला. तारा पिनेच्या तोंडाशी येऊन थांबतात आणि आवरण गळ्यात शिरतं. आणि प्रत्येक वायर तीन-चार सेंटिमीटर जास्तीची सोडा, म्हणजे बाद टोक कापून पुन्हा सोलता येईल. लांबी नेमकी कापून ठेवली की चार तारा गेलेलं टोकसुद्धा "चालेल" वाटायला लागतं.

वाचनमात्र

माझ्या स्ट्रिपरवर ०.६, ०.८, १.०, १.३, १.६, २.०, २.६ असे आकडे आहेत. हे चौरस मिमी ना? मग दीडची खाच कुठेय?

कातरवेळ

नाही नाही, हे व्यास आहेत, मिमीमध्ये, तेही भरीव तारेचे. चौरस मिमीच्या स्ट्रिपरवर ०.५, ०.७५, १, १.५, २.५, ४ अशी चढण असते. ०.६, ०.८, १.३ दिसलं की व्यास समजायचा.

या हत्यारावर दीडची वायर १.६ मध्ये घातली तर योगायोगाने बरोबर बसते, म्हणून माणसाला वाटतं की आकडे चौरस मिमीच आहेत. मग तो एकची वायर विश्वासाने १.० मध्ये घालतो. एकच्या लवचिक वायरचा गुच्छ १.३ मिमीच्या आसपास असतो, त्याच्या तारा जातात. आणि अडीचची २.६ मध्ये घातली तर गुच्छ जेमतेम २ मिमीचा, पाती आवरणात अर्धीमुर्धीच शिरतात आणि ओढताना आवरण लांबतं. एकाच गैरसमजातून एकीकडे तारा तुटतात आणि दुसरीकडे आवरण निघत नाही.

धडाधड

आकडे कसेही असोत, खाचेचं खरं माप कसं काढायचं? कोरलेल्यावर भरवसा नको.

सूतभर

हा प्रश्न चांगला काढलात. ड्रिलच्या बिटांचा संच घ्या. जबडा पूर्ण मिटवा आणि बिटाची गुळगुळीत दांडी खाचेतून अलगद सारून बघा. सैल जाणारी सगळ्यात मोठी दांडी म्हणजे त्या खाचेचं माप. पीळदार खोबणीचा भाग आत घालू नका, आणि दांडी आत ठेवून जबडा दाबू नका, ते पोलाद तुमच्या पात्यांपेक्षा कडक असतं.

गुच्छाचा व्यास काढायला एका टोकाचं आवरण पात्याने सावकाश काढा, तारांची मूळची पीळ तशीच ठेवा आणि व्हर्नियर नुसता टेकवा. दाबलात तर ०.१ ते ०.२ मिमी कमी दिसतं. खाच गुच्छापेक्षा किंचित मोठी हवी, बरोबरीची नको.

जबडा मिटवून उजेडाकडेही धरा. दोन्ही अर्धवर्तुळं एकमेकांवर नीट येतात का? मधला खिळा सैल झाला की जबडे बाजूला सरकतात आणि गोल खाचेची बदामाची फोड होते. मग कोणतंही माप निवडा, तारा जाणारच.

पक्कडबहाद्दर

आता ऑटोमॅटिकवर बोला राव, धागाकर्त्याने तेही विचारलंय. माझ्या मते हे सगळं खाचपुराण त्या एका हत्याराने मिटतं.

कातरवेळ

बरंचसं मिटतं. एक जबडा आवरण धरतो, दुसरा कापतो आणि तोच ओढून काढतो. पाती मापाप्रमाणे जुळवून घेतात, अनेकांची व्याप्ती ०.२ ते ६ चौरस मिमी असते. साध्या पीव्हीसीची ढीगभर टोकं असतील तर हाच घ्यावा, लांबीचा अडथळाही त्यातच असतो.

पण "जुळवून घेतो" म्हणजे तो तांबं ओळखतो असं नाही. आवरण किती प्रतिकार करतं त्यावर तो चालतो. पातळ आणि कडक आवरण आलं की पाती जास्त खोल जातात. त्यासाठी छोटा स्क्रू किंवा चकती असते. नव्या वायरला आधी ती सैल बाजूला फिरवायची, आवरण निघत नाही इथपर्यंत, आणि मग थोडी थोडी घट्ट करत जायचं. जिथे आवरण पहिल्यांदा साफ निघतं तिथे थांबायचं. बहुतेक जण उलट करतात, घट्ट ठेवतात कारण "मस्त कापतंय". त्यात तारा वर आणि खाली तुटतात, कारण पाती सपाट असतात.

०.५ च्या खालच्या वायरींना मला तो आवडत नाही. पकडणारे दात आवरणावर ठसे उमटवतात.

सूतभर

इथे माझं थोडं वेगळं मत. स्क्रू नीट लावला तर ०.५ ला काही होत नाही. ठसे उमटतात, पण ते फेरूलच्या मागे येतात आणि आवरणाच्या पार जात नाहीत.

कातरवेळ

०.५ ला नसतील जात. ०.२ ला जाताना दिसतात. इथे आपलं जमणार नाही.

धडाधड

किती तारा गेल्या तर चालतात याचा काही नियम आहे की सगळं अंदाजपंचे?

सूतभर

केबल आणि हार्नेसच्या कारागिरीसाठी आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० हे मानक आहे. त्यात वायरमध्ये एकूण तारा किती आणि काम कोणत्या वर्गाचं, यावर किती खराब तारा चालतील याचा तक्ता दिलाय. सातपेक्षा कमी तारांची वायर असेल तर एकही चालत नाही. खटपट्यांच्या बॉक्सला कोणी तो तक्ता लावणार नाही, पण टोक पुन्हा सोलायला अर्धा मिनिट लागतो. मी तरी एकही सोडणार नाही.

खटपट्या

अहवाल देतो. दीडची वीस टोकं झाली. अठरा साफ, तीसच्या तीस. दोन टोकांना एकेक तार गेली, दोन्ही वेळा एकाच बाजूची, म्हणजे तिरकी धरली. ती कापून पुन्हा सोलली. ०.५ ची सगळ्यात लहान खाचेत, भरीव १८ आणि दुसऱ्या रांगेत २०, तक्रार नाही.

४ ची मात्र अडलीय. आत ०.३० च्या ५६ तारा. सगळ्यात मोठी खाच १० भरीव, म्हणजे दुसऱ्या रांगेत १२. बिटाची २.६ ची दांडी अडखळत जाते, २.५ ची सैल जाते. गुच्छ व्हर्नियरवर २.६ भरला. एका टोकाला दोन तारा समोरासमोर गेल्या, दुसऱ्याला एकही नाही.

सूतभर

मग खाच काठावर आहे. माप गुच्छाच्या बरोबरीचं किंवा खाली, म्हणजे नशिबावर काम. चारची टोकं किती आहेत?

खटपट्या

सहा.

सूतभर

सहाच असतील तर पातं घ्या. गोल फिरवून काप घेऊ नका, पेन्सिल तासतो तसं पातं जवळजवळ आडवं धरून आवरणाचा एका बाजूचा पापुद्रा टोकाकडे तासत न्या. तांबं दिसलं की उरलेलं आवरण मागे उलटवा आणि कात्रीने मुळाशी छाटा. पात्याची धार तारांच्या आडवी येतच नाही, त्यामुळे काप बसायचा प्रश्न कमी. कड देखणी होणार नाही. पातं आपल्यापासून दूर चालवा.

कातरवेळ

किंवा ऑटोमॅटिक घ्यायचा विचार होताच, तर या सहा टोकांच्या निमित्ताने घ्या. स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात करा.

पक्कडबहाद्दर

किंवा दात.

खटपट्या

एक टोक पात्याने तासलं. ५६ मोजल्या, दोनदा. कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसतेय, पण तारा सगळ्या आहेत. उरलेली पाच उद्या, उजेडात.